पहिल्या प्लास्टरमध्ये पाऊल आधीपेक्षा जास्त वाकडं का दिसतं?

"बाळ १९ दिवसांचं आहे. जन्मतःच उजवं पाऊल आत वळलेलं, क्लबफूट सांगितलं. परवा सांगलीला नेऊन मांडीपर्यंत पहिलं प्लास्टर घातलं. पण प्लास्टरमध्ये पाऊल आधीपेक्षा जास्तच वाकडं दिसतंय, तळवा पार वर आल्यासारखा. सासूबाई म्हणतात चुकीचं बांधलंय, काढून टाका. आणि दर आठवड्याला नवीन प्लास्टर कशाला? एकदाच सरळ करून का बांधत नाहीत?"

ताई, प्लास्टर काढू नका. बाळाला प्रत्यक्ष बघितल्याशिवाय मी छातीठोक काही सांगणार नाही, पण तुम्ही लिहिलंय तसं तळवा वर आणि अंगठ्याची बाजू उचललेली असेल, तर पहिलं प्लास्टर बहुतेक बरोबर बसलंय. नवजात बाळांच्या पायांची प्लास्टरं मी गेली बरीच वर्षं सांगलीत स्वतःच्या हातांनी घालतोय. पहिल्या आठवड्यात कुणा ना कुणा आजीचा फोन येतोच, की डॉक्टर, पाय उलटा बांधलाय. त्यांची नजर चुकीची नसते. पाय खरंच जास्त वाकडा दिसतो. तो तसा मुद्दाम ठेवलेला असतो.

क्लबफूटमध्ये पाऊल एकाच जागी वाकडं नसतं, चार वाकडेपणा एकमेकांत अडकलेले असतात. तळव्याची कमान जास्त खोल होते, म्हणजे कॅव्हस. चवडा आतल्या बाजूला वळतो, ते अ‍ॅडक्टस. टाच आत कलते, ते व्हेरस. आणि पोटरीची शीर, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारा जाड दोर, आखूड असल्याने टाच वर ओढली जाऊन पाऊल खाली लोंबतं, ते इक्वायनस. इंग्रजी आद्याक्षरं जोडली की 'केव्ह' होतं आणि विद्यार्थी तेवढं पाठ करून परीक्षा पास होतात. पण ती अक्षरं ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने पाय सोडवायचा असतो. पहिली कमान, सगळ्यात शेवटी टाच खाली. हा क्रम मोडला की पाय बिघडतो.

आता तुमच्या प्रश्नाचं मूळ. ओलं फडकं पिळताना दोन टोकं सारखी फिरत नाहीत, म्हणून तर पीळ बसतो. बाळाच्या पावलाचं तसंच झालेलं असतं. अख्खं पाऊल आत वळलेलं आहे खरं, पण टाचेकडचं टोक खूप वळलंय आणि अंगठ्याकडचं त्या मानाने कमी. अंगठ्याच्या मागचं लांब हाड इतरांपेक्षा जास्त खाली झुकलेलं असतं. त्या फरकामुळे तळव्याला पीळ बसतो आणि कमान खोल होते. टाचेचं टोक आज आपल्याला हलवता येत नाही, ते घट्ट आहे. मग पीळ सोडवायचा तर सैल टोक घट्ट टोकाच्या रेषेत आणावं लागतं. म्हणजे अंगठ्याची बाजू वर उचलायची. तसं केलं की पुढचं आणि मागचं पाऊल एका रेषेत येतं, कमान उघडते, पण अख्खा तळवा आणखी आत-वर वळल्यासारखा दिसतो. सासूबाईंना दिसलं ते हेच.

हेच नवख्या हाताने उलटं केलं तर काय होतं? पाऊल आत वळलंय म्हणून तो तळवा बाहेर फिरवतो, करंगळीची कड वर आणि अंगठा खाली दाबतो. त्या दिवशी प्लास्टरमध्ये पाय छान सपाट दिसतो, घरचे खूश होऊन जातात. आतमध्ये मात्र पीळ वाढलेला असतो, कमान आणखी खोल झालेली असते आणि टाचेचं हाड होतं तिथेच अडकून पडतं. असे पाय तीन-चार महिन्यांनी आमच्याकडे येतात, शेंगदाण्याच्या शेंगेसारखे मधे वाकलेले. पहिल्याच प्लास्टरमध्ये सुंदर दिसणारा पाय बघितला की मला जास्त धास्ती वाटते.

ही रीत डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांची. मूळचे स्पेनचे, काम केलं अमेरिकेत आयोवा विद्यापीठात. त्यांच्या आधी डॉ. काइट यांची प्लास्टरची पद्धत चालायची. तिच्यात पावलाच्या बाहेरच्या कडेला, टाचेच्या हाडाच्या पुढच्या सांध्याजवळ अंगठा रोवून चवडा बाहेर वळवायचे. पोन्सेटींनी दाखवून दिलं की तिथे अंगठा ठेवला की टाचेच्या हाडाची वाटच बंद होते. त्याला आजही 'काइटची चूक' म्हणतात.

अंगठा ठेवायचा तो टॅलसच्या डोक्यावर. टॅलस हे घोट्यातलं हाड, नडगीच्या खाचेत बसलेलं. क्लबफूटमध्ये त्याचं गोल डोकं पावलाच्या वरच्या बाजूला, बाहेरच्या घोट्याच्या किंचित पुढे टेंगळासारखं हाताला लागतं. त्याच्या पुढची आणि खालची हाडं आत सरकलेली असतात, म्हणून ते उघडं पडतं. त्या डोक्याला अंगठ्याने टेकू द्यायचा आणि दुसऱ्या हाताने बाकीचं पाऊल त्याभोवती हळूहळू बाहेर न्यायचं. दार बिजागरीवर फिरतं तसं. बिजागरी हलली तर दार फिरत नाही, म्हणून टॅलस स्थिर हवा.

गंमत अशी की या सगळ्यात टाचेला हात लावायचाच नाही. टाचेचं हाड टॅलसच्या खाली तिरकं अडकलेलं असतं. पाऊल बाहेर जाऊ लागलं की त्याचं पुढचं टोक टॅलसखालून निघून बाहेर सरकतं, आणि त्या हाडांचे सांधे तिरपे असल्याने आत कललेली टाच आपोआप सरळ होते. दुसरा आणि तिसरा वाकडेपणा असे एकाच हालचालीत सुटतात. टाच पकडून सरळ करायला गेलात तर ती सरळ होत नाहीच, वर हाडाची वाट अडते. मी शिकाऊ मुलांना सांगतो, टाच दिसली की हात मागे बांधा.

"एकदाच सरळ करून का बांधत नाहीत?" याचं उत्तर बाळाच्या अस्थिबंधांत आहे. पावलाच्या आतल्या बाजूचे आणि मागचे बंध जाड, आखूड झालेले असतात. पण नवजात बाळात त्यांचे तंतू लाटांसारखे दुमडलेले असतात. हलका ताण दिला की त्या लाटा उलगडतात आणि बंध थोडा लांबतो. त्या लांबीला धरून ठेवलं की पाच ते सात दिवसांत नवी दुमड तयार होते, म्हणजे पुढचा ताण द्यायला पुन्हा जागा मिळते. म्हणून आठवडा. जोर लावून एका दिवसात सरळ केलं तर बंध लांबत नाही. नवजात बाळाची पावलाची हाडं बरीचशी कुर्चेचीच असतात, ती दाबली जाऊन चपटतात. सांधा बिघडतो आणि तो पाय आयुष्यभर ताठ राहतो. हाडं अजून नीट हाडं झालेली नसल्याने एक्स-रेमध्येही फारसं काही दिसत नाही. म्हणून या वयात आम्ही एक्स-रे सहसा काढत नाही. सगळं बोटांच्या स्पर्शावर चालतं.

जत भागातलं एक बाळ सांगतो, म्हणजे आठवड्यांचा हिशेब डोळ्यांपुढे येईल. मुलगा, एकच पाय, तोही उजवा, तुमच्यासारखाच. आला तेव्हा १४ दिवसांचा होता. आजी आधी दोन आठवडे तेल लावून पाय ओढत होती आणि सुनेने ग्रहणात विळीवर भाजी चिरली म्हणून हे झालं असं तिचं ठाम मत. ग्रहणाचा याच्याशी काही संबंध नाही, हे मी तिथेच सुनेसमोर सांगितलं, कारण ती पोरगी मान वर करायला तयार नव्हती.

बाळाचे कमरेचे सांधे बघितले, पाठीवर कुठे केसांचा झुबका किंवा खळगा नाही ना ते बघितलं, हातांची बोटं उघडून बघितली. काही वेळा क्लबफूट एखाद्या मोठ्या आजाराचा भाग असतो, आणि तसं असेल तर पाय जास्त हट्टी निघतो. या बाळाचं बाकी सगळं ठीक होतं. मग पिरानी गुण मोजले. यात सहा खुणा असतात, तीन मधल्या पावलाच्या आणि तीन टाचेकडच्या. प्रत्येकीला शून्य, अर्धा किंवा एक गुण. सहापैकी सहा म्हणजे सगळ्यात वाकडा पाय. याचे साडेपाच आले.

पहिलं प्लास्टर तुमच्यासारखंच: फक्त अंगठ्याची बाजू उचलली, बाकी काही नाही. आजीने जाताना माझ्याकडे जे बघितलं ते अजून आठवतंय. सात दिवसांनी प्लास्टर काढलं तेव्हा तळव्याची खोल घडी पसरट झाली होती. मी तिला बोट फिरवून दाखवलं. नवजात बाळात कमान बहुतेक वेळा या एकाच प्लास्टरमध्ये सुटते, क्वचित दोन लागतात.

दुसऱ्या प्लास्टरला पाऊल बाहेर न्यायला सुरुवात केली. चवडा अंदाजे ३० अंश आत होता, तो साधारण १० अंश आतपर्यंत आला. त्याच दिवशी सरळ रेषेत आणायचा मोह होतो, पण बाळ पाय आखडू लागलं की थांबायचं. तळवा अजूनही वर कललेलाच ठेवला होता. पाऊल बाहेर जात जात तो कल हळूहळू स्वतःच कमी होतो, हाताने सपाट करायचा नसतो.

तिसऱ्या प्लास्टरला माझी चूक झाली. बाळ खूप रडत होतं, आणि मी गुडघ्याचा भाग घाईत संपवला. गुडघा पुरता ९० अंश वाकवून प्लास्टर घालायचं असतं. तो सरळच्या बाजूला राहिला. बाळाची पोटरी गुबगुबीत, पाऊल इवलंसं. गुडघ्याचा वाक नसेल तर मोजा निघावा तसं प्लास्टर खाली घसरतं. चौथ्या दिवशी बाळाच्या वडिलांचा फोन आला, "डॉक्टर, पाच बोटं दिसत होती, आता तीनच दिसतात." त्यांना म्हटलं, पुढच्या तारखेची वाट बघू नका, आजची एसटी पकडा. घसरलेल्या प्लास्टरमध्ये टाच तिच्या जागेवर राहत नाही, प्लास्टरच्या कडा पावलात रुततात आणि पाऊल सुजतं. तेच तसंच पुढे चालू ठेवलं तर साधा क्लबफूट हट्टी क्लबफूट होतो. पाऊल आखूड आणि जाड, तळव्यावर आडवी खोल घडी, अंगठा मागे ओढलेला. त्याची प्लास्टरची रीत वेगळी आहे आणि त्रास दुप्पट. आमच्या बाळाचं पाऊल थोडं सुजलेलं, लाल होतं. प्लास्टर काढलं, चार दिवस पाय मोकळा ठेवला, सूज उतरल्यावर पुन्हा घातलं.

चौथ्यात पाऊल सरळ रेषेच्या पलीकडे, २५ अंशांच्या आसपास बाहेर गेलं. पाचव्यात ४५. पन्नासाव्या दिवशी प्लास्टर काढून बघितलं तर अंगठा टेकवल्यावर पाऊल अलगद ६० अंश बाहेर जात होतं. टॅलसचं टेंगूळ हाताला लागेना, म्हणजे पुढची हाडं त्याच्यावर येऊन बसली होती. मागून बघितल्यावर टाच आत नव्हती, किंचित बाहेरच झुकलेली होती. आजी म्हणाली, "आता बाहेरून वाकडा झाला की हो." तेही बरोबर. पाय इतका बाहेर न्यायचाच असतो, कारण पुढे तो थोडा मागे येतोच.

इथवर पाऊल खालीच लोंबत होतं आणि मी ते एकदाही वर ढकललं नव्हतं. शिकत असताना मी ते ढकललंय. एका रुग्णालयात शिकाऊ डॉक्टर होतो, तिसऱ्याच प्लास्टरला चवड्याखाली तळहात लावून पाऊल वर केलं. प्लास्टरमध्ये काटकोन आला आणि मी खूश झालो. सरांनी पुढच्या आठवड्यात प्लास्टर काढून पाऊल माझ्या हातात दिलं. टाच होती तिथेच वर, आणि पाऊल मधून मोडल्यासारखं, तळवा होडीच्या बुडासारखा फुगलेला. पोटरीची शीर सुटलेली नसताना चवडा वर ढकलला की घोट्याऐवजी पाऊल मधेच वाकतं. ओळखायची खूण सोपी आहे: तळव्याला खालून बघा, मधला भाग खोल असायला हवा. तो बाहेर आलेला असेल आणि टाचेच्या जागी हाताला मऊ, रिकामं लागत असेल, तर वरून दिसणारा काटकोन खोटा आहे.

आमच्या बाळाचं मधल्या पावलाचं गुणांकन एकच्या खाली आलं होतं, टॅलसचं डोकं पूर्ण झाकलेलं होतं, आणि टाचेकडचे गुण अजून दोन होते. म्हणजे शीर तोडायची वेळ आली. बहुतेक बाळांना ही लागते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. टाचेच्या जरा वर भुलीचं इंजेक्शन देऊन बारीक पात्याने पोटरीची शीर एका टोच्यात पूर्ण कापतात. 'टक्' झाल्याचं बोटाला कळतं आणि पाऊल लगेच १५-२० अंश वर येतं. टाका लागत नाही. मग पाऊल ६०-७० अंश बाहेर आणि १५ अंश वर ठेवून शेवटचं प्लास्टर, तीन आठवड्यांचं. तेवढ्या दिवसांत शीर लांब होऊन नव्याने जोडली जाते. पुढे मूल उड्या मारतं तेव्हा ती शीर चांगली चालते.

त्या मुलाला पुढे पट्टीचे बूट दिले. एका लोखंडी पट्टीवर दोन बूट, बिघडलेला पाय ६०-७० अंश बाहेर, चांगला ३०-४०. पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास, नंतर झोपेत, चार-पाच वर्षांचा होईपर्यंत. पाय परत आत वळतो तो बहुतेक वेळा बूट सोडल्यामुळे. याच्यावर वेगळं लिहावं लागेल, सध्या तुमचा पाय प्लास्टरात आहे.

आज रात्री इतकंच बघा. बोटं पाचही दिसतात का, आणि काल जितकी दिसत होती तितकीच दिसतात का. मोबाईलवर रोज एकाच बाजूने फोटो काढून ठेवला तर सासूबाईंशी वाद होणार नाही. बोटाचं टोक दाबून सोडा, पांढरं होऊन लगेच गुलाबी व्हायला हवं. निळी किंवा थंडगार पडलेली, सुजलेली बोटं, प्लास्टरमधून वास, किंवा दूध पाजूनही न थांबणारं रडणं, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी जिथे प्लास्टर घातलं तिथे जा. तारखेपर्यंत थांबू नका. नाहीतर प्लास्टर तसंच राहू द्या, लंगोट त्याच्या कडेच्या वर बांधा म्हणजे ओलं होणार नाही.

पुढच्या वेळी आदल्या रात्री प्लास्टर भिजवून घरीच काढून आणू नका, कुणीही सांगितलं तरी. मोकळा पाय रात्रभर राहिला की आठवड्याची कमाई बरीचशी परत जाते. दवाखान्यात काढावं आणि लगेच पुढचं घालावं. आणि बाळाला निघताना पोटभर पाजू नका, भुकेलं आणा. प्लास्टर घालताना पाजायला घ्या. दूध ओढणारं बाळ पाय सैल सोडतं, आणि गुडघा ९० अंश वाकवायला डॉक्टरांना वेळ मिळतो.